फॅमिली डॉक्टरांचे आभार मानायचेत, पण काय द्यावं? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदिरानगरातल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी सतरा वर्षं समोरच्या टेबलावर बसत होते. केसपेपर काढायचे, नंबर द्यायचे, फी घ्यायची आणि डॉक्टरांसाठी कोणी काही आणलं की तेही आधी माझ्याच हातात यायचं. त्यातलं काय घरी गेलं, काय वाटून टाकलं, काय परत केलं आणि काय जपून ठेवलं, हे मी जवळून पाहिलंय. बरं झालेल्या पेशंटच्या घरचे मला हळूच बाजूला घेऊन जे विचारायचे, ते प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे लिहिली आहेत.

पेशंटकडून भेट घेणं डॉक्टरांच्या नियमात बसतं का?

खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता लागू आहे. तिच्यात भेटीबद्दल दोन ठिकाणी स्पष्ट मनाई आहे. पहिली म्हणजे पेशंट पाठवण्याच्या बदल्यात दिलं-घेतलं जाणारं कमिशन किंवा भेट, म्हणजे ज्याला आपण ‘कट’ म्हणतो ते. दुसरी मनाई २००९ साली आली, ती औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटी, प्रवास, पाहुणचार आणि रोख रकमेवर. बऱ्या झालेल्या पेशंटने प्रेमाने आणलेला चिवड्याचा पुडा या दोन्हींत बसत नाही.

तरी त्या मनाईमागचं कारण आपल्यालाही लागू पडतं. समोरच्याकडून काही घेतल्यावर डॉक्टरांच्या निर्णयावर ओझं येऊ नये, एवढाच त्या नियमांचा हेतू आहे. भेट पेशंटने दिली म्हणून ते ओझं येत नाही असं नाही, आणि ते कसं येतं हे मी पाहिलंय. आमच्याकडे एक गृहस्थ दर दिवाळीला सुकामेव्याची मोठी परडी आणायचे. सर्दी झाली की पहिल्याच दिवशी ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या’ म्हणून हटून बसायचे. साधी व्हायरल सर्दी आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे डॉक्टर इतरांना दोन वाक्यांत सांगून मोकळे होत. या गृहस्थांना तेच सांगायला त्यांना दहा मिनिटं लागत, कारण मध्ये ती परडी असायची. औषध त्यांनी दिलं नाही, पण त्यांना अवघड झालेलं मला दिसत होतं. आपल्या डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणं जड जाईल, अशी भेट देऊ नये.

मग किती रुपयांपर्यंतची भेट योग्य?

पेशंटने द्यायच्या भेटीला कायद्यात आकडा घालून दिलेला नाही. कंपन्यांच्या बाबतीत मात्र २०१६ च्या दुरुस्तीत शिक्षेचे टप्पे ठरवले आहेत, आणि ते १,००० रुपयांच्या वरच्या भेटीपासून सुरू होतात. १,००० ते ५,००० रुपयांच्या भेटीला ठपका आहे. त्याहून मोठ्या भेटी घेतल्या तर रजिस्टरमधून काही काळ नाव काढलं जाऊ शकतं. हा आकडा आपल्यासाठी नाही, पण अंदाज यायला चांगला आहे. आपली भेट त्याच्या बरीच खाली असावी. मी विचारणाऱ्यांना तीनशे-चारशे रुपयांच्या आत राहायला सांगायचे, आणि बिनखर्चाचं काही सुचत असेल तर आधी ते करा म्हणायचे.

रकमेपेक्षाही एक गोष्ट तपासून बघा. वेटिंगमध्ये बसलेल्या पुढच्या पेशंटने ही भेट पाहिली, तर आपणही काही आणायला हवं होतं असं त्याच्या मनात येईल का? तसं येणार असेल तर भेट मोठी झाली. धुणीभांडी करून लेकराला दाखवायला आलेली बाईसुद्धा त्याच बाकावर बसलेली असते.

डॉक्टरांना मनापासून काय आवडतं?

पुढे काय झालं ते कळणं. मला हे समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फॅमिली डॉक्टर अवघड पेशंट पुढे पाठवतात, कोणाला हृदयाच्या डॉक्टरांकडे, कोणाला सर्जनकडे, कोणाला सोनोग्राफीला. तिथून पेशंटला डिस्चार्ज कार्ड मिळतं आणि ते पेशंटच्या घरच्या पिशवीत जाऊन बसतं. पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे ते आपण होऊन सहसा कोणी पोचवत नाही. आपला अंदाज बरोबर होता की चुकला, पेशंट वेळेवर पोचला का, आता कसा आहे, यातलं त्यांना काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस खोकल्यासाठी आला की तेव्हा उलगडा होतो. आमचे डॉक्टर रात्री दवाखाना बंद करताना मला विचारायचे, ‘त्या सोमवारच्या आजींकडून काही फोन आला का गं?’ बहुतेक वेळा आलेला नसायचा.

आता एक उदाहरण. नवरात्राच्या आधीची गोष्ट आहे. रात्री पावणेदहा वाजले होते, शटर अर्धं खाली आलं होतं. एक मुलगा अठ्ठावन्न वर्षांच्या वडिलांना घेऊन आला. त्यांना जेवणानंतर दोन तास छातीखाली जळजळत होतं, घरी अ‍ॅसिडिटीचं औषध घेऊन झालं होतं, फक्त इनोसारखं काहीतरी द्या म्हणत होते. डॉक्टरांनी त्यांच्या कपाळावरचा गार घाम पाहिला आणि त्यांना टेबलावर झोपवून ई.सी.जी. काढला. कागद हातात आल्यावर आधी अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, मला १०८ ला फोन लावायला सांगितला, आणि स्वतः मुंबई नाक्याकडच्या हॉस्पिटलला फोन करून पेशंट येतोय असं कळवलं. त्या ई.सी.जी.चा कागद पाकिटात घालून मुलाच्या खिशात दिला. त्या रात्रीच अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला, पाचव्या दिवशी ते घरी आले.

पंधरा दिवसांनी मुलगा दवाखान्यात आला. सराफ बाजारातून घेतलेलं पाच ग्रॅमचं सोन्याचं नाणं त्याने टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी डबी उघडलीसुद्धा नाही. तिच्यावर हात ठेवून ती त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाले, ‘हे आईला द्या. मला डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आणून द्या, आणि बाबा जिना चढतात का ते सांगा.’ मुलगा गोंधळून गेला. दुसऱ्या दिवशी तो झेरॉक्स आणि एक पानाचं पत्र घेऊन आला. डॉक्टरांनी ते पत्र दोन पेशंटच्या मध्ये वाचलं, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि पुढचा नंबर आत सोडायला मला जरा थांबायला सांगितलं.

डिस्चार्ज कार्डाचा उपयोग मनाच्या समाधानापुरताच नसतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं बराच काळ चालतात. अशा माणसाने गुडघा दुखतो म्हणून साधी वेदनाशामक गोळी घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कार्डाची प्रत केसपेपरला जोडलेली असली की पुढच्या वेळी गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांच्या नजरेला हे पडतं. त्यामुळे तुमच्या भेटीचा फायदा पुन्हा तुमच्याच माणसाला होतो.

पत्रात काय लिहायचं? मला दोन ओळींपलीकडे सुचत नाही.

‘आपण देवमाणूस आहात’ एवढंच लिहिलं की पत्र कोणाचंही, कोणालाही लिहिलेलं वाटतं. त्यापेक्षा तीन गोष्टी लिहा: त्या दिवशी नेमकं काय झालं, डॉक्टरांनी नेमकं काय केलं, आणि आज पेशंट काय करू शकतो. त्या मुलाचं पत्र साधारण असं होतं. त्याच्या परवानगीने, नावं गाळून देते आहे:

‘आदरणीय डॉक्टर, स. न.
१९ तारखेच्या रात्री आम्ही आलो तेव्हा तुमचं शटर अर्धं खाली होतं. आम्ही अ‍ॅसिडिटीचं औषध मागत होतो. तुम्ही बाबांच्या कपाळाला हात लावलात आणि ई.सी.जी. काढलात. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच कागद मागितला. तुमचा फोन आधीच गेलेला असल्यामुळे आम्हाला कॅज्युअल्टीत थांबावं लागलं नाही. उजव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. एक स्टेंट टाकला आहे. डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.
आज बाबा सकाळी बागेत वीस मिनिटं चालतात. जिना सावकाश चढतात, मध्ये थांबावं लागत नाही. तंबाखू सोडली आहे, आज अठरावा दिवस आहे. आई रोज रात्री तुमचं नाव घेते. तुमच्या दवाखान्यातल्या ताईंनी १०८ ला दवाखान्याचा पत्ता नीट समजावून सांगितला, त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.
आपला,’

मायना सोडला तर पत्रात स्तुतीचं विशेषण एकही नाही. ‘अठरावा दिवस’ या दोन शब्दांवर मात्र डॉक्टर हसले होते, कारण त्या माणसाला तंबाखू सोड म्हणून सांगता सांगता त्यांची सहा वर्षं गेली होती.

पत्र हाताने लिहा, अक्षर कसंही असलं तरी चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं त्या दिवशीच्या रिपोर्टच्या फोटोंखाली गडप होतं. लिहिण्याची सवय नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला मजकूर सांगून त्याच्याकडून लिहून घ्या आणि खाली सही करा किंवा अंगठा उमटवा. आमच्याकडे अंगठा उमटवलेलं पत्रही आलेलं आहे.

पेशंट वाचला नाही, तर आभार मानावेत का?

मानावेत, आणि शक्य असेल तर जाऊन भेटावं. शेवटच्या महिन्यांत घरी येऊन बघणारे, मध्यरात्री फोन उचलणारे आणि शेवटी दाखला लिहून देणारेही फॅमिली डॉक्टरच असतात. पेशंट गेल्यावर त्या घराचा दवाखान्याशी संबंध अचानक थांबतो. डॉक्टरांच्या मनात मात्र ‘आणखी काही करता आलं असतं का’ हा प्रश्न राहतो. तेरावं झाल्यावर एखाद्या संध्याकाळी पाच मिनिटं जाऊन ‘आजी शांत गेल्या, तुम्ही दिलेल्या औषधाने शेवटी दुखणं कमी होतं’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. सोबत काही नेऊ नका. खरोखरच काही शंका किंवा तक्रार असेल तर ती त्या दिवशी आभारात मिसळू नका, तिच्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.

राहिलेली फी आधी द्यावी की भेट?

फी आधी. हे कोणी तोंडावर बोलत नाही म्हणून मीच लिहिते. घाईगडबडीत राहून गेलेले पैसे डॉक्टर मागत नाहीत, मीही मागितले नाहीत, पण वहीत ते असतात. वरच्या मुलाचे त्या रात्रीच्या तपासणीचे आणि ई.सी.जी.चे साडेचारशे रुपये राहिले होते. पत्र घेऊन आला त्या दिवशी ते त्याने आधी माझ्याकडे मोजून दिले, मग आत गेला. उधारी तशीच ठेवून पेढ्यांचा पुडा पुढे केला की दवाखान्यातल्या माणसाला दोन्ही कसंतरी वाटतं.

आमचे डॉक्टर आमच्याकडून फी घेतच नाहीत. आता काय करावं?

एकदा सरळ विचारा, ‘डॉक्टर, फी घेतलीत तर आम्हाला मोकळेपणाने येता येईल.’ खरोखर बरेच जण न घेतलेल्या फीच्या संकोचापायी दाखवायला उशीर करतात आणि दुखणं वाढवून बसतात. हे कारण डॉक्टरांना पटतं. आमच्या डॉक्टरांनी एका निवृत्त शिक्षकांकडून असं सांगितल्यावर अर्धी फी घ्यायला सुरुवात केली होती. तरीही ते नाही म्हणाले तर ‘नाही’ हेच उत्तर मानावं. न घेतलेल्या फीचा हिशेब मनात मांडून तेवढ्या किमतीची वस्तू नेली, तर त्यांनी मोठ्या मनाने सोडलेली गोष्ट आपण विकत घेतल्यासारखी होते.

काहीतरी केल्याशिवाय चैनच पडत नसेल तर रक्तदान करा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी १२० दिवस झालेले असले की साधारणपणे देता येतं, बाकीची तपासणी रक्तपेढीत करतात. नंतर डॉक्टरांना एका ओळीत कळवा. आमच्याकडे एका बाईंनी बाळंतपणात आपल्याला दोन बाटल्या रक्त लागलं होतं, म्हणून वर्षभराने असं केलं होतं. डॉक्टरांनी ती चिठ्ठी तिच्या केसपेपरलाच टाचून ठेवली.

खाण्याचं काही न्यावं का? पेढे चालतील?

पेढे आणि काजूकतली दिवाळीत इतकी येते की तिसऱ्या दिवशी डबे नुसते रचून ठेवावे लागतात. डॉक्टरांच्या घरात कोणाला साखर आहे का, हेही आपल्याला माहीत नसतं. दिवसभर दवाखान्यात बसणाऱ्यांना दुपारी चार वाजता काहीतरी तिखट-मीठ तोंडात टाकायला हवं असतं, त्यामुळे नाशिकचा चिवडा नेहमी संपायचा. अर्धा किलोचा पुडा आणला तर दवाखान्यातल्या चौघांना पुरतो.

द्राक्षं आणायची असतील तर साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा, तेव्हा आपल्याकडची गोड असतात आणि भावही आवाक्यात असतो. दीड-दोन किलो पुरे. पेटी आणू नका, ती ठेवायला दवाखान्यात जागा नसते. सकाळच्या ओ.पी.डी.च्या वेळी आणली की दुपारपर्यंत टेबलाखाली तापून मऊ पडतात, म्हणून संध्याकाळी शेवटच्या नंबराच्या सुमारास द्या आणि धुतलेली नाहीत हे सांगा. शेतकरी घरातले पेशंट स्वतःच्या बागेतला एखादा घड कागदात गुंडाळून आणायचे. बाजारात त्याची किंमत चाळीस-पन्नास रुपये झाली असती, पण डॉक्टर तो घरी नेत, वाटून टाकत नसत. स्वतः पिकवलेलं किंवा रांधलेलं असलं की त्याला वेगळं मोल येतं. घरचं लोणचं किंवा लाडू दिलेत तर झाकणावर काय घातलंय आणि कधी केलंय ते लिहून ठेवा. शेंगदाणे अनेकांना चालत नाहीत, आणि तारीख नसलेली बरणी कोणी उघडत नाही.

पैठणी, चांदीचं नाणं, तांब्याचा कलश? नाशिकचीच तर खासियत आहे.

येवल्याची पैठणी आणि आपल्या तांबटांची भांडी दोन्ही सुंदर असतात, पण या भेटीसाठी नकोत. खरी पैठणी काही हजारांच्या खाली येत नाही. चांदी म्हणजे जवळजवळ रोख पैसेच, आणि पाकिटातली रोख रक्कम तर कोणत्याच कारणाने देऊ नका. अगदी छोटं तांब्याचं फुलपात्र चालेल, पण भिंतीवरच्या शो-पीसच्या वाटेने गेलात की डॉक्टरांच्या कपाटात आणखी एकाची भर पडते. आमचा दवाखाना बंद झाला तेव्हा माळ्यावर अकरा भिंतीवरची घड्याळं निघाली. त्यातली बरीचशी खोक्यातून कधी बाहेरच आली नव्हती.

वेटिंगरूमसाठी काही दिलं तर?

हे मला फार आवडतं. स्वतः वाचून झालेले दोन-तीन दिवाळी अंक डिसेंबरमध्ये आणून द्या. आमच्या बाकावर ते पुढची दिवाळी येईपर्यंत फिरत राहायचे, आणि गोष्ट अर्धी राहिली म्हणून नंबर पुढच्याला देणारी माणसं मी पाहिलीत. लहान मुलांची चित्रांची पुस्तकंही चांगली, मात्र सुटे तुकडे असलेली खेळणी नकोत, ती तोंडात जातात आणि धुवायला कोणी नसतं. डॉक्टरांची स्तुती लिहिलेली फ्रेम किंवा सन्मानचिन्ह भिंतीवर लावायला देऊ नका. आचारसंहितेत स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे, आणि पेशंटने दिलेली स्तुती वेटिंगमध्ये टांगली की तीही जाहिरातच दिसते.

आणि दवाखान्यातल्या बाकीच्यांचं काय?

पत्रात आमचं एक वाक्य येऊ द्या. कंपाउंडर काका, ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर, रोज फरशी पुसणाऱ्या मावशी यांची नावं बहुतेक पेशंटना माहीतही नसतात. विचारून घ्या आणि लिहा. खाऊ आणलात तर ‘सगळ्यांसाठी’ असं सांगून समोरच्या टेबलावर द्या, म्हणजे तो केबिनमध्ये अडकून राहत नाही. आम्हाला वेगळे पैसे देऊ नका. पुढच्या वेळी तुमचा नंबर आधी लागावा अशी अपेक्षा तुमची नसली, तरी पैसे घेतल्यावर तसं करण्याचा मोह आमच्या हाताला होतो. मी एकदा पन्नास रुपये घेतले होते. पुढच्या आठवड्यात त्या बाई दारात दिसल्यावर माझी नजर नंबरच्या वहीवर गेली, तेव्हापासून घेणं सोडलं.

द्यायची योग्य वेळ कोणती?

तुम्हाला डॉक्टरांकडून काहीच नको असेल तेव्हा. रजेसाठी सर्टिफिकेट, विम्याचा फॉर्म, फिटनेसचा दाखला यातलं काही मागायचं असेल तर त्या दिवशी भेट नेऊ नका, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातही नको. सोमवारची सकाळ आणि पावसाळ्यातल्या तापाच्या दिवसांतली संध्याकाळ टाळा, तेव्हा बाहेर पायरीपर्यंत माणसं बसलेली असतात. पत्र माझ्यासारख्या कोणाकडे दिलं तरी चालतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच ते वाचलं पाहिजे असं नाही, उलट एकटे असताना ते नीट वाचतात.

१ जुलैला डॉक्टर्स डे असतो, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ. ते जन्मले १ जुलै १८८२ ला आणि गेले १ जुलै १९६२ ला. त्या दिवशी शुभेच्छांचा ढीग येतो, म्हणून तुमचं पत्र एखाद्या साध्या मंगळवारी आलं तर जास्त लक्षात राहतं.

सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना काय द्यावं?

वस्तू काहीच नको, चिवडाही नको. ते लोकसेवक आहेत आणि त्यांना भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. तुमच्या मनात काही नसलं तरी उद्या कोणी बोट दाखवलं तर त्रास डॉक्टरांना होतो. पत्र मात्र जरूर द्या, आणि ते दोन प्रतींत लिहा. एक डॉक्टरांना, दुसरी त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने. जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना, महापालिकेचा दवाखाना असेल तर तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना किंवा पालिकेच्या वैद्यकीय विभागाला. वॉर्डचं नाव, तारीख, पाळी आणि सिस्टरचं नाव लिहा. आवक-जावकला देऊन शिक्का मारलेली पोच घ्या. तिथे तक्रारींचे कागद रोज येतात, चांगलं सांगणारा कागद क्वचित येतो.

गूगलवर चांगला रिव्ह्यू लिहिला तर तीच भेट नाही का?

स्वतःच्या अनुभवाबद्दल खरं लिहिलंत तर काही चूक नाही, पण मी तिला पत्राच्या जागी धरणार नाही. ती बाहेरच्या लोकांना उद्देशून असते, डॉक्टरांना उद्देशून नसते. लिहिणार असाल तर आजाराचे तपशील, वडिलांचं नाव, औषधं यातलं काही टाकू नका. ते तुमच्या वडिलांचं खासगी आहे आणि त्यांना विचारलेलं नसतं. डॉक्टरांनी स्वतः रिव्ह्यू मागितला तर मात्र नम्रपणे टाळलं तरी चालेल.

डॉक्टरांनी भेट परत केली. आमचं काही चुकलं का?

नाही. परत करणं हा त्यांचा स्वतःसाठी घातलेला नियम असतो, तुमच्यावरचा राग नसतो. आग्रह करू नका, मुलाच्या हाती पुन्हा पाठवू नका, माझ्या टेबलावर ठेवून पळून जाऊ नका. असं ठेवून गेलेलं मला दोनदा रिक्षाने परत पोचवावं लागलं होतं. ‘बरं डॉक्टर’ म्हणून वस्तू पिशवीत ठेवा आणि पेशंट कसा आहे ते सांगा.

बारा-पंधरा वर्षं होऊन गेली. आता पत्र लिहिलं तर विचित्र वाटेल का?

अजिबात नाही. डॉक्टर निवृत्त झाले असतील तरी लिहा. आमच्याकडे पुण्याहून एका मुलीचं पत्र आलं होतं. लहानपणी तिला रात्री झटके यायचे आणि तिचे बाबा तिला स्कूटरवरून आणायचे. पत्रात तिने लिहिलं होतं की गोळ्या बंद होऊन नऊ वर्षं झाली आणि ती आता स्वतः गाडी चालवते. डॉक्टरांना चेहरा आठवत होता, नाव लागत नव्हतं, कारण लग्नानंतर आडनाव बदललं होतं. मी सगळं कपाट शोधलं. शेवटी केसपेपर आजोबांच्या नावाच्या फाइलमध्ये सापडला, घरातल्या सगळ्यांचे कागद तेव्हा एकत्र असायचे. म्हणून जुनं पत्र लिहिताना माहेरचं आडनाव, तेव्हाचा पत्ता, साधारण साल आणि घरातल्या मोठ्या माणसाचं नाव लिहा. त्या मुलीच्या केसपेपरवर शेवटची नोंद होती, ‘गोळी अर्धी करणे, तीन महिन्यांनी दाखवणे’. डॉक्टरांनी तिच्याखाली त्या दिवशीची तारीख घातली आणि लिहिलं, ‘गाडी चालवते’.